चिंचेचा पाला आणि गाडीतला कुबट वास

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघाले होते. शिरवळ मागे पडलं आणि खंबाटकी चढायला लागलो तसा पाऊस वाढला. बघता बघता समोरची काच आतून धुरकटली. मी काचेवर हवा सोडायचं बटण दाबलं, एसी चालू केला, ब्लोअर चारवर नेला. आवाज तर जोरात यायला लागला, पण काच खालून जेमतेम चार बोटं साफ झाली आणि तिथेच थांबली. आईने पदराने पुसून पाहिलं, दोन मिनिटांत पुन्हा तेच. शेवटी दोन्ही बाजूच्या काचा थोड्या खाली केल्या, पाऊस आत घेतला आणि तसाच घाट पार केला. सुरूर फाट्यावर गाडी बाजूला घेतली तेव्हा माझे हात थंड पडले होते.

आई म्हणाली, "अगं, हवा येत नाहीये ते राहू दे, पण वास केवढा येतोय. न वाळलेल्या फडक्यासारखा."

वास मला नवा नव्हता. मे महिन्यातही एसी लावला की पहिली एक-दोन मिनिटं तो यायचा आणि मग जायचा, म्हणून मी सोडून दिलं होतं. पण आईला दमा आहे. त्या दिवशी साताऱ्यात पोचेपर्यंत तिने दोनदा पंप घेतला. पावसाळी हवेचा त्यात किती वाटा आणि या वासाचा किती, हे मी सांगू शकत नाही. ज्या हवेत ती दोन तास बसते ती हवा कशातून येते हे बघायचं, एवढं मात्र मी तिथेच ठरवलं.

गाडी 2018 ची, छोटी हॅचबॅक, शेहेचाळीस हजार किलोमीटर झालेली. सर्व्हिसिंग दर वर्षी वेळेवर केलेलं. बिलं काढून पाहिली तर तीन बिलांवर 'एसी फिल्टर क्लीनिंग' असं लिहिलेलं होतं आणि त्याचे पैसेही लावलेले होते. म्हणजे फिल्टर असणार आणि तो साफ असणार, असं धरून मी आधी एसीचा गॅस कमी झाला असेल का या दिशेने विचार करत होते. तो विचार चुकीचा होता, आणि तो गाडी न उघडता, बसल्या जागी कळण्यासारखा होता.

गॅस कमी असेल तर हवा गार लागत नाही, झोत सुरुवातीला तरी तेवढाच राहतो. माझ्याकडे उलट होतं. जी काही हवा येत होती ती चांगली गार होती, पण येतच कमी होती. गॅस किंवा सेन्सर बिघडून कूलिंग कॉइलवर बर्फ जमला तरी झोत कमी होतो, पण त्याची चाल वेगळी असते. सुरुवातीला हवा व्यवस्थित येते, अर्ध्या तासाने मंदावते, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की बर्फ वितळून पुन्हा सुटते. माझ्या गाडीत सकाळी पहिल्या सेकंदापासून हवा कमीच होती. पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेला असता तर एक-दोन-तीनवर पंखा फिरलाच नसता आणि फक्त चारवर फिरला असता. तसंही नव्हतं, चारही वेग चालत होते.

साताऱ्याहून परतल्यावर घराखाली एक छोटी चाचणी केली. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापली आणि मधल्या जाळीला वरून चिकटवून लोंबती सोडली. ब्लोअर दोनवर ठेवला तर पट्टी जरा हलली, इतकंच. चारवर अर्धवट उचलली गेली. मग बाहेरची हवा आत घ्यायची ती कळ फिरवून गाडीतलीच हवा फिरवायला लावली. तरी पट्टी तेवढीच उचलली. याला अर्थ आहे. आतली हवा फिरवताना झोत जोरात आला असता आणि बाहेरची घेताना पडला असता, तर अडथळा बाहेरच्या तोंडाशी, वायपरखालच्या जाळीत आहे असं धरता आलं असतं. दोन्हीकडे सारखाच कमी म्हणजे दोन्ही वाटा जिथे एक होतात त्याच्या पुढे काहीतरी तुंबलंय. तिथे पहिला येतो तो फिल्टर.

आणखी एक खूण होती, ती मला नंतर लक्षात आली. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात ठेवला की मोटरचा आवाज चढतो, बारीक होतो, कारण ओढायला हवाच नसल्याने पंखा मोकळा फिरतो. माझा ब्लोअर चारवर असाच चिरकत होता. आवाज मोठा येतोय म्हणजे पंखा चांगला चाललाय, असं मी समजत आले होते.

रविवारी सकाळी पाऊस थांबल्यावर गाडी उजेडात घेतली, तोंडाला मास्क बांधला आणि खाली वर्तमानपत्र पसरून कामाला लागले. हत्यार असं काही लागलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा फिल्टर डावीकडे, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोरच्या कप्प्याच्या मागे असतो. कप्पा आधी पूर्ण रिकामा केला. कप्पा उघडल्यावर तो धाडकन खाली पडू नये म्हणून एका बाजूला दोरीसारखा पट्टा असतो, तो हुकातून सोडवला. मग कप्प्याच्या दोन्ही भिंती दोन्ही हातांनी आतल्या बाजूला दाबल्या. दाबल्यावर त्या किंचित वाकतात, बाजूच्या गाठी डॅशबोर्डच्या कडेतून सुटतात आणि कप्पा बिजागरावर खाली लोंबतो. पहिल्यांदा करताना प्लास्टिक तुटेल अशी भीती वाटते. एकाच बाजूला जोर लावला तर खरंच तुटू शकतं, दोन्ही बाजू सारख्या दाबल्या की अलगद येतं.

आत काळा प्लास्टिकचा डबा दिसतो. त्यावर वीतभर लांबीचं एक आडवं झाकण, दोन टोकांना दोन क्लिपा. क्लिपा दाबल्या, झाकण हातात आलं. आणि त्याबरोबर तो वास आला, गाडीत येत होता त्याच्या दुपटीने, अगदी नाकासमोर.

इथे माझी एक चूक झाली. माझ्या गाडीत फिल्टर ब्लोअरच्या पंख्याच्या डोक्यावर आडवा बसतो. हवा वरून येते, फिल्टरमधून खाली जाते, पंखा ती ओढून पुढे कॉइलकडे ढकलतो. अशा जागी फिल्टर अगदी सावकाश, सपाट धरून बाहेर घ्यायला हवा. मी कड धरून ओढला, तो मध्ये अडकला, मी झटका दिला. वरचा सगळा पाला कलंडून खाली पंख्यात पडला.

फिल्टर वर्तमानपत्रावर ठेवून मी बराच वेळ बघत बसले. नवा असताना हा कागदी घड्यांचा पांढरा पंखा असतो, प्रत्येक घडीतून बोटाचं टोक जाईल एवढी मोकळीक. याच्या घड्या वरच्या बाजूने दिसतच नव्हत्या. करड्या-काळ्या धुळीचा नमदा बसला होता आणि त्यावर चिंचेचा पाला, तांदळाच्या दाण्याएवढी ती बारीक पानं, वाळून तपकिरी झालेली. आमच्या सोसायटीत गाडी चिंचेखाली उभी असते. मोठी पानं वायपरखालच्या जाळीवर अडतात, चिंचेचं पान मात्र सरळ आत जातं. पाल्यात पावसाळी किड्यांचे गळालेले पंख होते, पारदर्शक, आणि कबुतराचं एक पीस. एका कोपऱ्यात तळहाताएवढा गडद डाग होता. तिथला कागद हाताला ओला लागला आणि त्यावर बुरशीचे पांढरट ठिपके होते. चौकटीच्या कडेला बनावटीचं वर्ष छापलेलं होतं, 2018.

म्हणजे गाडीबरोबर आलेलाच फिल्टर. 'क्लीनिंग' कधी झालं असेलच तर हवेचा फवारा मारून. तसं केल्याने पाला उडतो, वरची सुटी धूळ उडते, पण जी बारीक धूळ तंतूंच्या आत शिरून बसलेली असते ती निघत नाही, आणि जोराच्या फवाऱ्याने तंतू मात्र फाटतात. इंजिनाचा एअर फिल्टर आणि हा, दोन्ही कागदी दिसत असले तरी हा झटकून वर्षानुवर्षं वापरायचा नसतो. पाण्याने धुणं त्याहून वाईट. मी पुढच्या सर्व्हिसिंगला तिथे एवढंच सांगितलं की फिल्टर काढून मला दाखवल्याशिवाय त्याचे पैसे लावू नका.

फिल्टरची जागा रिकामी असतानाच एक गोष्ट करून बघण्यासारखी असते. तो नसताना ब्लोअर क्षणभर चालू करायचा. झोत एकदम सुटला तर दोष फिल्टरचाच होता, नाही सुटला तर पुढे बघायचं. पण माझ्या पंख्यात पाला पडलेला होता. किल्ली न फिरवता आधी टॉर्च लावून आत पाहिलं. पिंजऱ्यासारखा गोल पंखा, त्याच्या पात्यांमध्ये पानं अडकलेली. हाताने जेवढी येतील तेवढी काढली, उरलेल्यांसाठी घरचा व्हॅक्यूम क्लीनर खाली आणला आणि फटीत घालायचं चपटं तोंड लावून पंखा बोटाने थोडा थोडा फिरवत ओढून घेतली. मग ब्लोअर एकवर लावला. खर्र, खर्र, खर्र. एखादं पान कुठेतरी घासत होतं. बंद करून पुन्हा ओढलं, असं तीन वेळा. तिसऱ्यांदा आवाज गेला. गेला नसता तर ब्लोअर खालून काढावा लागला असता. माझ्या गाडीत तो पायाशी तीन स्क्रूंवर आणि एका वायरच्या जोडावर असतो, अवघड नाही, पण पाठ वाकडी करून डॅशबोर्डखाली शिरावं लागतं. ती वेळ टळली.

मग चारवर लावला. पट्टी आडवी होऊन फडफडायला लागली. आवाजही बदलला. चिरकणं गेलं, भरदार घुमणारा आवाज आला. दोष सापडला होता.

जुना फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोमवारी नाना पेठेत गेले. तिथे दुकानात नुसतं 'फिल्टर द्या' म्हणून चालत नाही.

"ताई, एअर फिल्टर पाहिजे का एसी फिल्टर?" दुकानदाराने विचारलं.

एअर फिल्टर म्हणजे इंजिनाचा. एसी फिल्टर म्हणजे हा, केबिनचा. मी गाडीचं नाव आणि वर्ष सांगितलं, त्यांनी एक खोका काढला. मी जुना पिशवीतून काढून त्याच्या शेजारी ठेवला. दिसायला जुळे, पण नवा लांबीला बोटभर कमी.

"हा आधीच्या मॉडेलचा," ते म्हणाले. "बरं झालं आणलात. हा बसला असता आत, तुम्हाला कळलंही नसतं."

खरंच कळलं नसतं. आखूड फिल्टर सरकून बसतो, झाकणही लागतं, झोतही छान येतो, कारण हवेला कडेने मोकळी फट मिळते आणि ती कागदातून जायचं टाळते. धूळ सगळी कॉइलवर जाते. म्हणून नवा फिल्टर बसवल्यावर चारी कडा डब्याला टेकल्यात ना, हे बोट फिरवून बघायचं.

बरोबर मापाचे दोन निघाले. साधा पांढरा पावणेतीनशेचा, आणि कार्बनचा करडा साडेपाचशेचा. कार्बनवाल्यात कोळशाचा थर असतो, तो धूर आणि वास शोषतो. मी वासासाठीच आले होते, तेव्हा हात आपोआप महागाकडे गेला. पण दुकानदारांनी विचारलं, "वास बाहेरचा येतो का गाडीचाच?"

या प्रश्नात सगळं आलं. माझ्या गाडीत हवेची वाट अशी आहे: बाहेरची जाळी, मग फिल्टर, मग पंखा, मग कूलिंग कॉइल आणि मग तुमचं तोंड. पुढच्या ट्रकचा धूर, नाल्याचा वास, हे फिल्टरच्या आधी येतं, ते कार्बन अडवतो. कॉइलवरची बुरशी फिल्टरच्या नंतर आहे. तिथून उठलेला वास थेट जाळीतून येतो, मध्ये कोळसा नाहीच. मी तरी कार्बनचाच घेतला, आईसाठी, कारण आमच्या रस्त्यावर धूर भरपूर असतो. पण कुबट वास त्याने जाईल ही अपेक्षा दुकानातच सोडली.

बसवायला पाच मिनिटं लागली. कडेवर बाण असतो, तो हवा कुठे जाते ते दाखवतो. माझ्याकडे हवा खाली जाते म्हणून बाण खाली. गाडीप्रमाणे हे बदलतं, काहींत फिल्टर उभा असतो आणि बाण आडवा येतो. शंका असेल तर जुना फिल्टर बघायचा, ज्या बाजूला पाला आणि काळेपणा आहे ती बाजू हवा येण्याची, बाण तिच्यापासून दूर जायला हवा. उलटा बसला तर हवा लगेच अडत नाही, पण जाड धूळ आधी पकडणारा थर मागे जातो आणि फिल्टर लवकर बुजतो. मी कडेला मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले, आत सरकवला, झाकण लावलं, कप्पा वर दाबून गाठी बसवल्या, पट्टा हुकात अडकवला.

झोत परत आला होता. फिल्टर नसताना होता त्यापेक्षा किंचित कमी, ते तसंच असतं. मागच्या सीटवर बसून पाहिलं, तिथेही हवा पोचत होती, जी गेली दोन वर्षं पोचत नव्हती.

वास? ओला फिल्टर गेल्याने निम्मा गेला असेल. पण सकाळी एसी लावला की पहिल्या मिनिटात तो होताच. आणि एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता: फिल्टरच्या कोपऱ्यात पाणी आलं कुठून?

बॉनेट उघडलं आणि वायपरखालची जाळी पाहिली. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत पडतं आणि पन्हळीच्या टोकांना असलेल्या भोकांतून चाकांकडे वाहून जातं. गाडीत जाणारी बाहेरची हवासुद्धा याच पन्हळीतून घेतली जाते. आमच्या पन्हळीत चिंचेचा पाला कुजून त्याचा चिखल झाला होता आणि डावीकडचं भोक पूर्ण बुजलं होतं. पाणी साठायचं, पातळी वाढायची आणि हवेच्या तोंडातून थोडं थोडं आत फिल्टरवर जायचं. जुन्या टूथब्रशने आणि चमच्याने तो चिखल काढला, तांब्याभर पाणी ओतलं. आधी तुंबलं, मग गुळगुळ करत चाकाशेजारून बाहेर पडलं. फिल्टर बदलून हे तसंच ठेवलं असतं तर नवा कोराही ऑगस्टपर्यंत ओला झाला असता.

उरलं ते कॉइलचं. एसी चालू असताना कॉइल गार असते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर दवासारखं सुटतं आणि खालच्या ताटलीतून एका नळीवाटे रस्त्यावर ठिबकतं. पावसाळ्यात दहा-पंधरा मिनिटं एसी चालवून गाडी उभी केली की डाव्या बाजूला खाली पाण्याचं छोटं थारोळं दिसलंच पाहिजे. मी वीस मिनिटं थांबले, खाली थेंब नाही. आईच्या पायाखालचं मॅट उचललं तर त्याची खालची बाजू दमट. म्हणजे नळीही अर्धीमुर्धी तुंबलेली, पाणी ताटलीत साचतंय, थोडं आत झिरपतंय, आणि गाडी बंद झाली की ती अंधारी ओली पेटी रात्रभर तशीच. अनेक वर्षं बुजलेल्या फिल्टरच्या फटींतून आलेली धूळ कॉइलवर चिकटलेली असणारच. बुरशीला याहून काय हवं?

हे काम मी स्वतः केलं नाही. नळी गाडीखाली असते, गाडी उचलावी लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या काकांनी खालून नळी काढली, तिच्या तोंडाशी काळ्या चिकट मातीचा गोळा होता. तो काढताच चहाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं, जवळजवळ अर्धा लिटर.

मी विचारलं, "काका, तार घालून आतपर्यंत साफ करता येत नाही का?"

"नको ताई. कॉइल ॲल्युमिनियमची असते, पातळ. तार टोचली की गॅस गेला, आणि मग अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागतो."

त्यांनी कॉइल साफ करायचा फेस नळीच्या वाटेने आत सोडला, इंजिन आणि ब्लोअर दोन्ही बंद ठेवून. पंधरा मिनिटांनी फेस विरघळून खाली ठिबकायला लागला, आधी करडा, मग फिकट. ठिबकणं थांबल्यावर चारही काचा खाली, एसी बंद, ब्लोअर चारवर, दहा मिनिटं. आम्ही दोघं बाहेर उभे होतो, पहिल्या हवेबरोबर आतून थोडा फेस आणि उग्र वास येतो, तो नाकात घ्यायचा नसतो. सहाशे रुपये झाले. फेसाने कॉइलचा दर्शनी भाग साफ होतो, खोल खपल्या राहू शकतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. महिनाभरात वास परत आला तर कॉइल बाहेर काढून धुवावी लागेल, आणि ते दिवसभराचं काम.

वास परत आला नाही. एक सवय मात्र लावून घेतली आहे. घर दोन-तीन मिनिटांवर आलं की एसी बंद करते आणि नुसता पंखा चालू ठेवते, म्हणजे कॉइल गाडी उभी राहायच्या आत बरीचशी सुकते. आणि दर रविवारी वायपरखालच्या जाळीवरचा पाला हाताने काढते. गाडीची जागा बदलता आली असती तर बरं झालं असतं, पण सोसायटीत दुसरी जागा नाही.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा साताऱ्याला गेलो. खंबाटकीत पाऊस होताच. काच धुरकटायला लागली तसं बटण दाबलं, दोन मिनिटांच्या आत पूर्ण काच मोकळी झाली, ब्लोअर तीनवर असताना. आईने आपल्यासमोरची जाळी वरच्या बाजूला वळवली, म्हणाली, "गार लागतंय, जरा कमी कर."

ऑक्टोबरमध्ये कप्पा पुन्हा खाली केला. या वेळी फिल्टर दोन्ही हातांनी सपाट धरून, हळू बाहेर घेतला. वरची बाजू फिकट करडी झाली होती, चारही कोपरे कोरडे, घड्या मोकळ्या. चिंचेची सात-आठ पानं होती. ती चिमटीने उचलली, मार्करने लिहिलेली तारीख वाचली, बाण खाली आहे ना पाहिलं आणि तोच परत बसवला.